अपरिग्रह, कर्जाचा हप्ता आणि संसार

अपरिग्रह म्हटलं की पिंछी-कमंडलूखेरीज काहीच जवळ न ठेवणारे दिगंबर मुनी आठवतात. त्यामुळे घराचा हप्ता, मुलांच्या फिया आणि आईवडिलांची औषधं सांभाळणारा माणूस हात जोडतो, नमस्कार करतो आणि हे तत्त्व आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतो. जैन शास्त्रांनी संसारी माणसाला मात्र असं सोडून दिलेलं नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतलं पाचवं व्रत थेट त्याच्या मालमत्तेबद्दल आहे. त्याच्याभोवती जे गैरसमज आहेत, ते बहुतेक मुनींचं महाव्रत आणि गृहस्थाचं अणुव्रत यांची गल्लत केल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज : अपरिग्रह म्हणजे सगळं सोडून देणं

मुनींसाठी हे खरं आहे. गृहस्थाच्या व्रताचं नाव मात्र ‘परिग्रह-परिमाण’ असं आहे. त्याला ‘इच्छा-परिमाण’ असंही म्हणतात. परिमाण म्हणजे माप. आपल्याकडे किती असावं याची हद्द आपणच आखायची आणि पुढे त्या हद्दीत राहायचं, एवढं हे व्रत मागतं.

श्वेतांबर आगमांपैकी उपासकदशांग या ग्रंथात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. त्यातला पहिला आनंद. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी होता. चार कोटी ठेव म्हणून पुरलेले, चार कोटी व्याज-व्यापारात गुंतलेले, चार कोटी घरादाराच्या पसाऱ्यात. शिवाय 40,000 गाई, 500 नांगरांची जमीन, दूरच्या वाहतुकीला 500 गाड्या आणि जवळच्या वाहतुकीला आणखी 500. महावीरांसमोर व्रत घेताना त्याने यातलं काही वाटून टाकलं नाही. एवढं आहे, याच्या पलीकडे काही नको, असा नियम त्याने केला.

अब्जाधीशाने आहे तेवढ्यावर रेघ मारली तर त्यात त्याग कसला, असं आज वाटू शकतं. पण व्यापाऱ्याच्या घरात पैशाला पैसा जोडला जातो, आणि आनंदचे चार कोटी तर त्याच कामाला लागलेले होते. त्या वाढीवरचा हक्क त्याने त्या दिवशी सोडला. त्याच बैठकीत त्याने रोजच्या वापरालाही मर्यादा घातल्या. दातणाला एकच काष्ठ, ज्येष्ठमधाचं. अंघोळीला आठ घडे पाणी. अंगावर सुती वस्त्रांची एक जोडी. साठा आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या यादीतून नीट कळतं. ज्याच्याकडे साठवण्याजोगं फारसं नसतं, त्या पगारदार माणसाला वापराची मर्यादाच जास्त जाणवेल.

गैरसमज : मनात आसक्ती नसली की झालं, आकडा कशाला

याला शास्त्राचा आधार आहे, म्हणूनच हा समज चिवट आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर बेतलेली नाही, ‘मूर्च्छे’वर बेतलेली आहे. मूर्च्छा म्हणजे ‘हे माझं’ या भावनेत शुद्ध हरपणं. अमृतचंद्राचार्यांनी यासाठी हरणाचं पाडस आणि मांजर यांचा दाखला दिला आहे. दोघांनाही खायला लागतंच, पण कोवळं गवत खाणाऱ्या पाडसापेक्षा उंदरावर झडप घालणाऱ्या मांजराची आसक्ती तीव्र.

पण याच परंपरेने व्याख्या सांगून झाल्यावर बाह्य परिग्रहाचे प्रकारही मोजून दिले : शेत, घर, चांदी, सोनं, धन, धान्य, नोकरचाकर, गुरं, भांडीकुंडी. मनच पुरेसं असतं तर ही यादी लागली नसती. वस्तू हाताशी राहिली की मूर्च्छेला धरायला फांदी मिळते, म्हणून तर दिगंबर परंपरा मुनींना वस्त्रही ठेवू देत नाही. ‘माझं मन गुंतलेलं नाही’ असं म्हणणाऱ्याने ते तपासायचं तर आकड्यावरच तपासावं लागतं. सोन्याचा भाव उतरल्यावर ज्याची झोप उडते, त्याने मन अलिप्त असल्याचा दाखला स्वतःला देऊ नये.

गैरसमज : एकदा आकडा लिहिला की व्रत पाळलं

या ठिकाणी जुन्या आचार्यांना व्यापारी समाज किती आतून ठाऊक होता ते दिसतं. प्रत्येक व्रताला पाच ‘अतिचार’ असतात, म्हणजे व्रत उघड न मोडता त्याला पाडलेली खिंडारं. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगितले आहेत, आणि त्यांतल्या युक्त्या वाचताना आपलीच ओळख पटते.

एकाच शेताचा नियम आहे, म्हणून शेजारचं शेत घेऊन मधला बांध काढायचा आणि दोन्हींचं एक करायचं. भांड्यांची संख्या ठरलेली आहे, म्हणून लहान वाट्या वितळवून त्यांची मोठी पात्रं करायची. संख्या तीच, पितळ दुप्पट. गुरांचा आकडा भरला आहे, म्हणून वासरं व्रताची मुदत संपल्यावर जन्मतील असा बेत करायचा. सोनं जास्त झालं, तर ते मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचं. कुणी देणं फेडायला आला, तर ‘तुझ्याकडेच बांधून ठेव, नंतर नेतो’ असं सांगायचं.

आज बांधाऐवजी दोन फ्लॅटमधली भिंत पडते. सोनं परक्याकडे ठेवण्याऐवजी प्लॉट बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर चढतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, याने व्रताला फरक पडत नाही. त्या मालमत्तेबद्दल निर्णय कोण घेतं, ती वाढावी अशी आस कुणाला आहे, यावर ती कुणाच्या परिग्रहात धरायची ते ठरतं. म्हणून परिमाण एकट्याचं न लिहिता सगळ्या घराचं लिहावं, असं माझं मत आहे.

गैरसमज : मी तर कर्जात आहे, माझा परिग्रह कसला

हा समज थोडा सावकाश सोडवायला हवा, कारण कर्जदाराला तो अगदी खरा वाटतो. परिग्रहाच्या जुन्या यादीत कर्ज हा प्रकार नाही. पण श्वेतांबर परंपरेत दीक्षेला अपात्र माणसांची एक यादी आहे, आणि तीत ‘ऋणार्त’, म्हणजे देण्याने दबलेला माणूस, येतो. वैराग्य कितीही अस्सल असो, लोकांचे पैसे थकवून त्याला साधू होता येत नाही. ज्या धर्माने संन्यासाच्या दारात हिशेब विचारला, त्याच्या नजरेत हप्ते भरणं ही अपरिग्रहातली अडचण असूच शकत नाही. दुसऱ्याचं देणं बुडवलं तर ते अचौर्याच्याच विरुद्ध जाईल.

आता एक घर समोर धरू. सांगलीत नवरा-बायको दोघंही नोकरीत आहेत. गावाकडे भावाबरोबर सामाईक ऊस आहे, त्यातला यांचा वाटा दोन एकर. बायकोचं सोनं पंधरा तोळे. घरासाठी 30 लाखांचं कर्ज काढलंय, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 4,785 रुपयांनी कमी होतं. दर तोच राहिला तर वीस वर्षांत बँकेत जवळपास साडेबासष्ट लाख भरले जातील, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त.

हे दोघं परिमाण लिहायला बसले तर पहिला प्रश्न येईल : घराच्या किमतीतून कर्ज वजा करायचं का? माझ्या मते नाही. वजा केलं तर कर्ज काढून दुसरा, तिसरा फ्लॅट घेणारा माणूस कायम हद्दीच्या आतच राहील, कारण मालमत्तेएवढंच देणं त्याच्या नावावर असेल. हेमचंद्रांच्या काळातला बांध काढणारा शेतकरी यापुढे भोळा वाटेल. म्हणून घर हे एक घर म्हणून पूर्ण मोजावं आणि देणं वेगळं लिहावं.

त्यांची यादी मग अशी होईल. शेत : आहे ते दोन एकर, नवं नाही. घर : हे एक, आणि गावच्या वाड्यातला वाटा. सोनं : मुलीला द्यायचं धरून पंचवीस तोळ्यांच्या आत. धन : निवृत्तीपर्यंत लागणारी एक ठरीव रक्कम, त्यात भविष्यनिर्वाह निधीही आला. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी शिल्लक त्याखाली वेगळी, कारण एकाची नोकरी गेली तर आई-वडील आणि मुलं यांची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. देणं : या घराचं, आणि मुलीच्या शिक्षणासाठी लागलंच तर. गाडीसाठी, सहलीसाठी, लग्नातल्या थाटासाठी नाही. धनाच्या हद्दीवर आलेला पैसा आधी मुद्दलात जाईल, कर्ज फिटल्यावर दानात.

खरं परिमाण कर्ज काढण्याआधीच करायला हवं होतं, हे इथे दोघांच्या लक्षात येईल. पगार बघून बँक सांगते की तुम्हाला अमुक लाख मिळू शकतात. तो आकडा फेडण्याच्या ताकदीचा असतो. गरजेचा आकडा घरातच काढावा लागतो. दोन खोल्या पुरत असताना तिसरीसाठी वाढवलेले दहा लाख पुढची कित्येक वर्षं घरातल्या दोघांच्या मेहनतीतून फिटत राहतात.

गैरसमज : घरच्यांसाठी साठवलं तर तो परिग्रह नाही

कुटुंबाकडे पाठ फिरवणं जैन परंपरेला मान्य नाही. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात दीक्षा घेणाऱ्याला आप्तांचा निरोप घ्यायला सांगितलं आहे. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रानुसार खुद्द महावीर आईवडील हयात असेपर्यंत घरात राहिले. पण ‘मुलांसाठी’ या शब्दाला स्वतःहून तळ नसतो. शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांचे खर्च अंदाजाने का होईना मांडता येतात. ते मांडून झाल्यावरही ‘अजून थोडं असू द्यावं’ असं वाटत राहिलं, तर ते ‘थोडं’ मुलांसाठी नसतं. दानाचंही तसंच. मर्यादा ओलांडून कमवायचं आणि पर्युषणात मोठी बोली लावायची, याने दान होतं, परिमाण पाळलं जात नाही.

एक व्यावहारिक अडचण उरते. रुपयाची किंमत घसरते, त्यामुळे रुपयांत आखलेली हद्द दहा वर्षांनी अर्थहीन होते. म्हणून जमेल तिथे ती एकर, खोल्या, तोळे आणि महिन्यांचा घरखर्च यांत लिहावी. व्रत जन्मभराचं घेता येतं तसं मुदतीचंही. नवख्याने एका पर्युषणापासून पुढच्या पर्युषणापर्यंतचं घेतलं तरी चालतं. आकडा खाली आणायला मुदत पाहू नये. वर न्यायचा असेल तर मात्र मुदत संपू द्यावी, मगच घरातल्या सगळ्यांना बसवून कारण सांगावं आणि ते कागदावर लिहून ठेवावं.