हरवलेले ४८ गुण

मसुदा परत आला तेव्हा पहिल्या पानावर १०० पैकी ५२ असा आकडा होता आणि आत समासात ४१ शेरे. एम.ए. अर्थशास्त्राच्या या विद्यार्थिनीचा विषय होता ठिबक सिंचन आणि शेतकऱ्याचे उत्पन्न. मसुदा पुढे जायला किमान ६० गुण हवे होते आणि हातात तीन आठवडे होते. तिने त्याच संध्याकाळी पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला घेतले. बहुतेक जण हेच करतात. ते शेरे सोपे असतात आणि एकेक खोडत गेले की बरे वाटते.

मी तिच्याकडे आधी गुणांची फोड मागितली. विषयमांडणी १० पैकी ८, पूर्वसंशोधनाचा आढावा २० पैकी ११, संशोधन पद्धती २५ पैकी ९, विश्लेषण व निष्कर्ष ३० पैकी १५, भाषा व संदर्भसूची १५ पैकी ९. मिळालेले गुण बाजूला ठेवून गेलेले लिहून काढले: २, ९, १६, १५, ६. मग सगळे शेरे याच पाच रकान्यांत वाटले. २६ शेरे भाषा-संदर्भांचे निघाले, सगळे मिळून ६ गुणांचे. पद्धतीवर शेरे होते फक्त तीन, आणि तिथे १६ गुण गेले होते. चुकीचा शब्द दिसला की तपासणारा त्याला गोल करतो; पायाच कच्चा दिसला तर समासात एक ओळ लिहून पान उलटतो.

ती ओळ होती, ‘निवड कशी केली?’ नुसता प्रश्न. त्यातून काम काढायचे तर कोणत्या पानावर काय बदलायचे आणि ते झाले हे कशावरून ओळखायचे, हे लिहावे लागते. तिने दोन गावांतल्या ८० शेतकऱ्यांशी बोलून प्रश्नावली भरली होती, आणि ते सगळे तिला कृषी सेवा केंद्रात भेटले होते. शीर्षकात मात्र ‘जिल्ह्यातील शेतकरी’. नव्याने पाहणी करायला तीन आठवडे पुरत नाहीत. मग बदलायचा तो दावा. पद्धतीच्या प्रकरणात ही सोयीनुसार केलेली निवड आहे, दुकानापर्यंत न येणारा शेतकरी तिच्यात सुटतो, हे दोन परिच्छेदांत सांगायचे आणि शीर्षक दोन गावांपुरते करायचे. ‘जिल्हा’ हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी तो टिकतो का पाहायचे; तो १९ ठिकाणी सापडला.

विश्लेषणाचे बरेच गुणही इथेच अडकले होते. ‘ठिबकमुळे उत्पन्न वाढले’ या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होते. ठिबकवाले ३४ आणि बाकीचे ४६ यांची सरासरी तिने थेट शेजारी मांडली होती. पण प्रश्नावलीत जमिनीचा आकडा होताच. दोन हेक्टरची रेघ मारून पुन्हा मोजले, तर ठिबकवाल्यांपैकी २३ जण रेघेच्या वरचे, आणि ठिबक नसलेल्यांपैकी ३५ जण खालचे. म्हणजे ती न कळत मोठ्या शेतकऱ्याची तुलना लहानाशी करत होती. दोन्ही गट वेगळे ठेवले तेव्हा एकूण उत्पन्नातला फरक बराच आटला, नाहीसा झाला नाही. वाक्य झाले, ‘सारख्या जमिनीच्या शेतकऱ्यांतही ठिबकवाल्यांचे उत्पन्न काहीसे जास्त दिसले.’ पूर्वीइतके दणदणीत नाही. तिला वाईटही वाटले.

दहा दिवस या दोन प्रकरणांना दिले. पाच दिवस आढाव्याला, कारण तिथे एकामागून एक लेखकाचा सारांश होता. तो मोडून पाणी, खर्च आणि जमीनधारणा अशा प्रश्नांभोवती बांधायचा होता. विश्लेषणानंतर तो घेतला, कारण जमीनधारणेवरचे साहित्य लागणार हे तेव्हाच कळले. शुद्धलेखन शेवटच्या चार दिवसांत. २६ पैकी सात शेरे ज्या वाक्यांवर होते, ती वाक्ये तोवर प्रबंधातच उरली नव्हती. राहिलेले दोन दिवस छपाई आणि मार्गदर्शकांसाठी.

मार्गदर्शकांची गरज एका पेचामुळे पडली. एका शेऱ्यात आढावा आटोपशीर करा असे होते, दुसऱ्यात आणखी अभ्यास घ्या असे. असे शेरे स्वतः मिटवू नयेत; कोणता धरायचा ते विचारून लेखी घ्यावे.

काम झाले का हे तपासायला तिने वर्गमैत्रिणीला फक्त शेवटचे प्रकरण आणि तक्ते दिले, आणि प्रत्येक निष्कर्षापुढे तक्त्याचा क्रमांक लिहायला सांगितले. नऊपैकी दोन निष्कर्षांपुढची जागा रिकामी राहिली. ते दोन काढले.

प्रतीसोबत तीन रकान्यांचे पत्र जोडले: शेरा, केलेला बदल, नवा पान क्रमांक. ‘आणखी १०० शेतकरी घ्यावेत’ या शेऱ्यापुढे बदलाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘केले नाही. पाहणीचा हंगाम संपला आहे. म्हणून निष्कर्ष दोन गावांपुरते मर्यादित केले.’ पान ३१.