इंधनाचे मोजमाप – पहाटेचे पेट्रोल

मागील लेखांकात पंधरा अंश तापमानाच्या घनतेचा उल्लेख आला आणि त्या अनुषंगाने खुटबावच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुद्द्याचा आहे, की इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि पाणी यांचे ठरलेले प्रकरण एक आठवडा पुढे ढकलणे योग्य ठरेल. थंडीत इंधन आकसते हे खरे असेल, तर यवत-चौफुला पट्ट्यातील पंपावर पहाटे जाऊन टाकी भरणाऱ्याला त्याच पैशात अधिक इंधन मिळते की नाही, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही, कारण आकसण्याचे शास्त्र निर्विवाद असले, तरी पहाटेची थंडी आणि नोझलमधून येणारे इंधन यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही.

पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्याचे रेणू एकमेकांना अगदी दुबळ्या आकर्षणाने धरून असतात. तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते, त्यांच्यातील सरासरी अंतर किंचित वाढते आणि तेवढेच वजन अधिक जागा व्यापू लागते. पाण्याचे रेणू परस्परांना घट्ट बांधलेले असल्यामुळे पाणी फार कमी फुगते, तर पेट्रोलचे रेणू लहान असून ते आपल्या उत्कलनबिंदूच्या बरेच जवळ असल्याने ते डिझेलपेक्षाही अधिक फुगते. एका अंशाने तापमान वाढले असता मूळ आकारमानाचा जितका अंश वाढतो त्याला प्रसरण गुणांक म्हणतात. व्यवहारात पेट्रोल दर लिटरमागे दर अंशाला सुमारे १.२ मिलिलिटर आणि डिझेल सुमारे ०.८५ मिलिलिटर फुगते, असे धरता येते. पोलादी टाकी किंवा मापही फुगते. परंतु ती वाढ पेट्रोलच्या वाढीच्या तुलनेत इतकी क्षुल्लक असते, की या हिशेबात ती सोडून दिली तरी चालते.

इंजिनाला मात्र लिटरशी कर्तव्य नसते, कारण सिलिंडरमध्ये जळते ते इंधनाचे वजन, आणि ऊर्जा मिळते ती त्या वजनाच्या प्रमाणात. पंप विकतो आकारमान, वाहन वापरते वजन, आणि या दोहोंमधील दुवा म्हणजे घनता, जी तापमानाबरोबर बदलते. पहाटेच्या समजुतीचे मूळ येथेच आहे आणि इथवर ती समजूत पूर्णपणे बरोबर आहे.

ती लंगडी पडते ती जमिनीखाली. दौंड तालुक्यात उन्हाळ्यातील पहाट आणि दुपार यांच्या हवेत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. परंतु पंपाची साठवण टाकी जमिनीत पुरलेली असते आणि तिचा माथाही साधारण एक मीटर खोल असतो. माती उष्णतेची मंद वाहक आहे. पृष्ठभागावर दिवसभरात होणाऱ्या चढउताराचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग वरच्या दहा-बारा सेंटिमीटरांतच जिरून जातो, त्याखालच्या तेवढ्याच थरात उरलेल्याचा पुन्हा तितकाच भाग जिरतो आणि एक मीटर खोलीवर दिवस-रात्रीच्या फरकाचा मागमूस उरत नाही. तेथे पोहोचतो तो फक्त ऋतूंचा चढउतार, कारण वर्षभराची लाट संथ असल्यामुळे ती मातीत खोलवर उतरते. मात्र दोन मीटर खोलीवर तीही निम्म्याहून कमी होते आणि सुमारे दीड-दोन महिने उशिरा जाणवते. म्हणजे मे महिन्याच्या पहाटे वर गार वारा सुटलेला असला, तरी टाकीच्या भोवतालच्या मातीला त्याची खबर नसते आणि भर दुपारच्या उन्हाचीही नसते.

मग टाकीतील इंधनाचे तापमान ठरते कशावरून? मातीवरून तर ठरतेच, परंतु वर्दळीच्या पंपावर त्याहून अधिक ते ठरते टँकरवरून, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. खुटबावच्या परिसराला लोणी काळभोरचे इंधन डेपो जवळ पडतात. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबईहून निघून पुढे सोलापूरकडे जाणारी वाहिनी लोणीला येते, तेथील जमिनीवरच्या मोठ्या उभ्या टाक्यांत माल साठवला जातो आणि तेथून तो टँकरने सोलापूर रस्त्याने पंपावर पोहोचतो. उघड्यावरच्या टाकीत आणि उन्हातून येणाऱ्या टँकरमध्ये इंधन चांगलेच तापते. समजा, पंपाच्या भूमिगत टाकीत २८ अंशांचे ६,००० लिटर पेट्रोल शिल्लक आहे आणि मे महिन्यातील एका संध्याकाळी टँकरने ३७ अंशांचे १२,००० लिटर पेट्रोल त्यात ओतले. मिश्रणाचे तापमान ३४ अंश होते. इतका मोठा साठा रातोरात थंड होत नाही, कारण त्याची उष्णता त्याच मंद मातीतून बाहेर पडायची असते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येणाऱ्या ग्राहकाला जवळजवळ ३४ अंशांचेच पेट्रोल मिळते, तर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी येणाऱ्या ग्राहकाला, मधल्या काळात नवा टँकर आला नसेल तर, कदाचित ३१ अंशांचे मिळते. दहा लिटरमागे हा फरक सुमारे ३६ मिलिलिटरांचा आहे आणि तो दुपारच्या ग्राहकाच्या बाजूने आहे. घड्याळ पाहायचेच असेल, तर ते सूर्याचे नव्हे, टँकरच्या फेऱ्यांचे पाहावे लागेल.

येथे जाणकार वाचक एक रास्त शंका काढतील, की टाकी जमिनीत असली तरी डिस्पेन्सर आणि त्याची रबरी नळी तर उघड्यावरच असतात, तेव्हा रात्रभर गारठलेल्या नळीतील पेट्रोल तरी पहिल्या ग्राहकाला अधिक वजनाचे मिळत असेल. नळीत साधारण लिटरभर पेट्रोल असते हे खरे आहे. परंतु मोजणारा मापक, म्हणजे ज्याचे दट्ट्ये दर फेरीला ठरावीक आकारमान पुढे ढकलतात ते यंत्र, नळीच्या आधी असतो आणि नळी कायम भरलेली ठेवली जाते. नळीतील पेट्रोल आदल्या रात्रीच्या शेवटच्या विक्रीच्या वेळी मापकातून पुढे गेलेले असते. ते रात्री आकसले, तरी त्याचे वजन वाढत नाही; फक्त नळीत पाच-दहा मिलिलिटरांची पोकळी निर्माण होते आणि पंप सुरू झाला की ती पोकळी आधी भरून निघते. हे भरणे मापकातूनच होत असल्याने नळीतील थंडीचा लाभ ग्राहकाच्या पदरात पडत नाही. डिस्पेन्सरच्या आत, मापकापर्यंतच्या नळांत जे थोडे इंधन रात्रभर थांबते तेवढेच काय ते थंड स्थितीत मोजले जाते, आणि तेही पहिल्याच ग्राहकासाठी.

या सर्व गोष्टी ग्राहकाच्या बाजूने धरल्या आणि पहाटेचे पेट्रोल दुपारच्यापेक्षा दोन अंशांनी थंड असते असे उदारपणे मानले, तरी दहा लिटरमागे लाभ होतो २४ मिलिलिटरांचा, म्हणजे शंभर रुपये लिटर या भावाने दोन रुपये चाळीस पैशांचा. पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापात २५ मिलिलिटरांपर्यंतची तफावत ग्राह्य धरली जाते, म्हणजे दहा लिटरला ५० मिलिलिटर. पहाटे उठून साधणारा फरक यंत्राच्या मान्य तफावतीच्या निम्म्यानेही नाही. ज्याला मापाविषयी शंका असेल त्याने पहाटेची वाट न पाहता वैध मापन शास्त्र विभागाची मुद्रा असलेले ते पाच लिटरचे माप मागावे आणि आपल्यासमोर भरून पाहावे. ते मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

तापमानाचा खरा परिणाम दिसतो तो पंपावर नव्हे, शेतकऱ्याच्या ओट्यावर. ऊसतोडीच्या किंवा नांगरटीच्या दिवसांत दोनशे लिटरचे डिझेलचे बॅरल आणून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. असे भरलेले बॅरल दिवसभर उन्हात राहून डिझेल ३८ अंशांवर पोहोचले आणि संध्याकाळी काठी घालून पातळी पाहिली, तर पहाटे, डिझेल २६ अंशांवर आल्यावर, तीच काठी दोन लिटर कमी दाखवते. चोरीचा संशय अशा वेळी सहज घेतला जातो, परंतु बॅरल काट्यावर ठेवले असता वजन तेवढेच भरते. बॅरलची पातळी नेहमी एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयापूर्वी, तपासण्याची सवय ठेवली तर हा घोळ होत नाही. याच्या उलट दुचाकीची बारा लिटरची टाकी काठोकाठ भरून वाहन उन्हात लावले आणि पेट्रोल २७ अंशांवरून ४५ अंशांवर गेले, तर आकारमान पाव लिटरने वाढते आणि त्याला जागा न मिळाल्यास ते बाहेर सांडते. नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी थोडे ओतून घेण्याचा आग्रह धरणारा ग्राहक विकत घेतलेले पेट्रोल जमिनीवर सांडण्याची तयारी करत असतो.

दिवसाचा फरक असा नगण्य असला, तरी ऋतूंचा फरक तसा नाही. जानेवारी आणि मे यांच्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडला, तर लिटरमागे बारा मिलिलिटर, म्हणजे एक टक्क्याहून थोडा अधिक फरक पडतो आणि ज्याच्या ट्रॅक्टरला किंवा ट्रकला वर्षभर इंधन लागते त्याच्या बाबतीत तो साचत जातो. कॅनडात अनेक पंपांवर मापकालाच तापमानाचा संवेदक जोडलेला असतो आणि तो प्रत्येक लिटर पंधरा अंशांच्या लिटरात बदलून दाखवतो. थंड देशात अशी दुरुस्ती विक्रेत्याच्या हिताची असते, कारण तिच्याविना ग्राहकाला आकसलेले, वजनदार इंधन मिळत राहते; उष्ण प्रदेशात तीच दुरुस्ती ग्राहकाच्या हिताची ठरते. भारतात किरकोळ विक्री प्रत्यक्ष तापमानाच्या लिटरानेच होते. महाराष्ट्रासारख्या उष्ण राज्यात या दुरुस्तीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. पहाटेच्या सल्ल्याने जे साधत नाही ते तिने खरोखर साधेल.

तोपर्यंत तापमानाची दुरुस्ती ग्राहकाच्या हाती आहे ती घनतेच्या तपासणीत. काचेच्या उंच भांड्यात अर्धा लिटर पेट्रोल घेऊन त्यात तापमापक आणि घनतामापक सोडला, तो स्थिर झाला आणि ३० अंशांवर घनता ७३४ आली, तर तक्त्यावरून पंधरा अंशांची घनता सुमारे ७४८ निघते. हीच संख्या टँकरच्या चलनावरील पंधरा अंशांच्या घनतेशी ताडायची असते आणि दोहोंत तीनपेक्षा अधिक अंतर आढळले तर भेसळीची शंका घेण्यास जागा असते. तापमान न वाचता केवळ घनता पाहणारा मात्र दुपारच्या शुद्ध पेट्रोललाही भेसळीचे ठरवून बसेल, कारण चार अंशांच्या फरकानेच ही तीनची मर्यादा ओलांडली जाते. इथेनॉलचा प्रसरण गुणांक पेट्रोलच्या जवळपासच असल्यामुळे मिश्रणाने वरील हिशेबात फारसा फरक पडत नाही. इथेनॉलमुळे टाकीतील पाण्याचे काय होते हा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुढील लेखांकात येईल.