सातारा ते स्टुटगार्ट, पाडव्यापर्यंत

ती स्टुटगार्टला उतरली ३० सप्टेंबर २०२४ ला, एम. एस.साठी. तो साताऱ्यातच राहिला; त्याची शाळा सकाळच्या सत्राची, सातला पहिला तास. लग्न ठरलेलं होतं, साखरपुडाही झालेला. तेव्हा दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर होतं. ती संध्याकाळी सहाला मोकळी व्हायची तेव्हा साताऱ्यात साडेनऊ वाजलेले असायचे, आणि जेवणं आटोपून निवांत बोलणं व्हायचं.

२७ ऑक्टोबरला जर्मनीतली घड्याळं तासभर मागे गेली. अंतर साडेचार तासांचं झालं, आणि तिचे सहा म्हणजे त्याचे रात्रीचे साडेदहा. आठवडाभर त्यानं जांभया आवरत रेटलं. शेवटी तिनंच तोडगा काढला: तिच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी साडेबाराला. तेव्हा साताऱ्यात पाच वाजायचे. तो अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागलेला असायचा, आणि चढावर त्याला धाप लागली की बोलायची पाळी तिची. हिवाळा त्या दोघांनी या एका वेळेवर काढला.

दिवाळी मात्र जमून आली. लक्ष्मीपूजनाचा १ नोव्हेंबर स्टुटगार्टमध्येही सुट्टीचा, कारण ख्रिस्ती परंपरेत तो सर्व संतांचा दिवस. साताऱ्यात संध्याकाळी पूजा मांडली तेव्हा तिच्याकडे भर दुपार होती. त्याच्या आईनं फोन कलशाशेजारी टेकवून ठेवला आणि आरती संपेपर्यंत हलू दिला नाही.

पार्सलाचा अनुभव वेगळा. त्याला कंदी पेढे पाठवायचे होते. पण युरोपीय संघात बाहेरून टपालानं दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. शिवाय भेटवस्तूची किंमत ४५ युरोंच्या आत असली तरच सीमाशुल्क आणि कर दोन्ही माफ. मग गेलं ते मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी.

बरोबर सहा महिने भरले ते ३० मार्च २०२५ ला. तो रविवार होता, गुढीपाडवाही होता, आणि युरोपातली घड्याळं पुन्हा तासभर पुढे जाण्याचा दिवसही तोच! श्रीखंड दोन्हीकडे करायचं ठरलं होतं. तिकडे चक्का मिळत नाही, पण क्वार्क नावाचं दाट, आंबूस दह्यासारखं काहीतरी कुठल्याही दुकानात मिळतं. पहिल्यांदा तिनं बिनसायीचं आणलं होतं, ते रवाळ आणि फार आंबट झालं. या वेळी साईचं घेतलं, रात्रभर फडक्यात टांगलं, पिठीसाखर, वेलची आणि घरून नेलेलं केशर घालून घोटलं. चमचा उभा राहिला तेव्हा तिनं फोटो पाठवला.

बोलायचं ठरलं होतं तिच्या सकाळच्या आठला. तो जुन्या हिशेबानं साडेबाराची वाट पाहत होता. फोन आला साडेअकराला. त्याच्या हातात अजून पुरीचा गोळा होता. तो तसाच बोलत राहिला, आणि कढईतल्या पुऱ्यांकडे आईनं पाहिलं.

त्या दिवसापासून संध्याकाळचे सहा परत साडेनऊला जुळू लागले.