‘ना’, ‘आणि’, ‘ते’ : प्रश्नावलीतले तीन छोटे शब्द

एका कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गावातल्या नळपाणी योजनेची पाहणी करायचं ठरवलं होतं. सात दिवसांचं शिबिर, साधारण १२० घरं आणि हातात एका पानाची, चौदा प्रश्नांची प्रश्नावली. छापायला देण्याआधी शुद्धलेखन तपासून द्या, म्हणून ते पान माझ्याकडे आलं. शुद्धलेखनात फारसं काही नव्हतं. अडचण होती ती तीन छोट्या शब्दांत: ‘ना’, ‘आणि’ आणि ‘ते’.

प्रश्नावली तपासताना मी ती सलग एकदा वाचून संपवत नाही. तीनदा वाचतो, आणि दर वेळी एकच दोष शोधतो. सगळे दोष एकदम शोधायला गेलं की डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातो.

पहिलं वाचन मोठ्याने करायचं, कारण प्रश्न कागदावर असला तरी दारात तो बोलला जाणार असतो. चौथा प्रश्न असा होता: ‘नव्या योजनेमुळे बायकांचा पाणी भरण्याचा त्रास कमी झाला ना?’ वाचतानाच मान हलते. ‘ना’ ऐकलं की आपण होकार देऊन मोकळे होतो, घरी आलेल्या माणसाचं मन मोडायचं नसतं म्हणून.

कोर्टात अशा प्रश्नाला ‘सूचक प्रश्न’ म्हणतात. विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न, अशी त्याची व्याख्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १४१ मध्ये होती. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी घेताना वकिलाला असा प्रश्न सहसा विचारू देत नाहीत. उलटतपासणीत मात्र चालतो. पाहणी करणाऱ्याने स्वतःला सरतपासणीतला वकील समजावं. समोरच्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

पण नुसता ‘ना’ खोडून हा प्रश्न सुधारत नाही. ‘नव्या योजनेमुळे’ या शब्दाने कारण आधीच ठरवून टाकलं आहे. एखाद्या घराने स्वतःची बोअर घेतली असेल आणि त्रास त्यामुळे कमी झाला असेल, तर त्या बाईने काय सांगायचं? शिवाय ‘कमी झाला’ ही एकच दिशा प्रश्नात आहे. त्रास वाढला असेल किंवा तेवढाच राहिला असेल, तर ते सांगायला समोरच्याला प्रश्नाशी भांडावं लागतं, आणि दारात उभं राहून कुणी भांडत नाही.

प्रश्नात एकच बाजू ठेवल्याने काय होतं, याचं चांगलं उदाहरण स्कॉटलंडचं आहे. स्वातंत्र्याच्या सार्वमतासाठी तिथल्या सरकारने प्रश्न सुचवला होता, त्याचा अर्थ होता: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासून पाहिला आणि जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की ‘सहमत आहात का’ हे शब्द मतदाराला होकाराकडे झुकवू शकतात. ते शब्द काढले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये मतपत्रिकेवर ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढंच होतं. युरोपीय संघाच्या सार्वमताच्या वेळी आयोग आणखी एक पाऊल पुढे गेला. ‘सदस्य राहावं का’ या प्रश्नाऐवजी ‘सदस्य राहावं की बाहेर पडावं’ असा प्रश्न करायला त्याने लावलं, म्हणजे दोन्ही बाजू प्रश्नातच आल्या.

आपल्याकडे गोव्याने १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हे पाहिलं आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्यांच्यासाठी फूल, केंद्रशासित राहायचं त्यांच्यासाठी दोन पानं. दोन्ही बाजूंना आपापली खूण होती, नुसतं हो-नाही नव्हतं. मात्र स्वतंत्र राज्य हवं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यासाठी वेगळी खूण नव्हती. प्रश्न तोलून मांडला तरी पर्यायांत जे नाही ते उत्तरात येत नाही.

मुलांचा चौथा प्रश्न मग आम्ही असा केला: ‘योजना सुरू झाल्यापासून तुमच्या घरी पाणी भरायला लागणारा वेळ वाढला, तेवढाच राहिला की कमी झाला?’ त्याखाली दोन मोकळ्या ओळी ठेवल्या: ‘कशामुळे?’ कारण घरच्यांनीच सांगायचं. आणि मुलांना एकमेकांसमोर प्रश्न वाचायची तालीम दिली. छापलेल्या प्रश्नात ‘ना’ नसला तरी बोलताना तो हमखास येतो. ‘कमी झाला ना, काकू?’ असं एका मुलीच्या तोंडून तालमीत तीनदा निसटलं.

दुसरं वाचन ‘आणि’साठी. सहावा प्रश्न होता: ‘नळाला पुरेसे आणि स्वच्छ पाणी येते का?’ अशा प्रश्नाला मी जोडप्रश्न म्हणतो. तो ओळखायला एक सोपी युक्ती आहे: अर्ध्या प्रश्नाला ‘हो’ आणि अर्ध्याला ‘नाही’ म्हणणारं एखादं घर डोळ्यांसमोर आणायचं. असं घर असू शकतं का? इथे सहज असू शकतं. पाणी भरपूर, पण गढूळ. किंवा स्वच्छ, पण दोन हंड्यांत संपणारं. पन्नास घरांनी ‘नाही’ म्हटलं तर ग्रामपंचायतीने मोठा पंप बसवायचा की टाकी धुवायची? कागद सांगणार नाही. आणि हा दोष गोळा झालेल्या आकड्यांत दिसतही नाही. तक्ता नीटनेटका भरलेला असतो.

प्रत्येक ‘आणि’ दोषी नसतो. ‘नाव आणि आडनाव’ विचारण्यात काही चूक नाही. उलट काही जोडप्रश्नांत ‘आणि’ शोधून सापडत नाही. नववा प्रश्न पाहा: ‘टँकरचे पाणी तुम्ही उकळून पिता का?’ यात दोन प्रश्न एकावर एक बसले आहेत. टँकर येतो का, आणि येत असेल तर पाणी उकळता का? ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे टँकर येत नसेल किंवा तो पाणी तसंच पीत असेल. म्हणून आधी टँकरचं विचारायचं, आणि ‘नाही’ आलं तर पुढचा प्रश्न सोडून द्यायचा.

असे प्रश्न फोडले की प्रश्नावली लांबते. चौदाचे सतरा झाले. एका घरी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रश्नाला आम्ही विचारलं: याच्या उत्तराचं अहवालात काय करणार? तीन प्रश्नांना कुणाकडे उत्तर नव्हतं. ते गळाले.

तिसरं वाचन पर्यायांचं. इथे प्रश्न झाकून ठेवायचा आणि फक्त चौकोन पाहायचे. प्रत्येक संभाव्य उत्तराला एक आणि एकच चौकोन मिळतो का? आठवा प्रश्न होता: ‘एका वेळी पाणी किती वेळ येते?’ पर्याय: ० ते ३० मिनिटे, ३० ते ६० मिनिटे, ६० ते १२० मिनिटे. ‘अर्धा तास’ म्हणणाऱ्याची खूण कुठे करायची? दोन्ही चौकोन बरोबर आहेत. दोन तासांहून जास्त पाणी येणाऱ्याला तर चौकोनच नाही.

एका मिनिटाने काय बिघडतं, असं मुलांना वाटलं. पण लोक घड्याळ लावून पाणी भरत नाहीत. ते सत्तावीस मिनिटं म्हणत नाहीत, अर्धा तास म्हणतात. चौपन्न म्हणत नाहीत, तास म्हणतात. म्हणजे जिथे चौकोन एकमेकांवर चढलेत, तिथेच उत्तरांची गर्दी होते. समजा, १२० घरांपैकी ३० घरांनी अर्ध्या तासाहून कमी सांगितलं, ४० घरांनी बरोबर अर्धा तास आणि ५० घरांनी त्याहून जास्त. सगळ्या मुलांनी अर्धा तास पहिल्या चौकोनात टाकला तर तिथे ७० घरं होतात, निम्म्याहून अधिक. दुसऱ्यात टाकला तर पहिल्यात ३० उरतात, म्हणजे पाव गाव. पाणी तेच, गाव तेच, अहवालाचा मथळा मात्र उलटा.

‘३१ ते ६०’ केलं की चौकोन एकमेकांवर चढत नाहीत, पण ‘अर्धा तास, थोडंफार इकडेतिकडे’ म्हणणारा अजून सीमेवरच उभा असतो. म्हणून सीमाच हलवायच्या: २० मिनिटांपर्यंत, २१ ते ४५, ४६ ते ७५, ७५ हून जास्त. आता अर्धा तास आणि एक तास चौकोनाच्या मध्ये येतात, काठावर नाहीत. त्याहून बरं म्हणजे सांगितलेली मिनिटं तशीच लिहायची आणि गट नंतर पाडायचे. आम्ही तेच केलं.

आकडे नसलेले पर्यायही एकमेकांवर चढतात, आणि ते सापडायला अवघड असतं. सातव्या प्रश्नात पाणी किती वेळा येतं त्याचे पर्याय होते: रोज, दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा, आठवड्यातून दोन वेळा, त्याहून कमी. दिवसाआड पाणी येतं तेव्हा ते एका आठवड्यात चार वेळा येतं आणि पुढच्या आठवड्यात तीन वेळा. म्हणजे एकाच गल्लीतली, एकाच व्हॉल्व्हवरची दोन घरं वेगवेगळे चौकोन भरणार, आणि दोघंही खरं बोलत असणार. आम्ही प्रश्न बदलला: ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस पाणी आलं?’ उत्तर शून्य ते सात. याला एक मर्यादा आहे. त्याच आठवड्यात पंप जळाला असेल तर आकडा फसवा निघेल. म्हणून पुढे जोडलं: ‘हा आठवडा नेहमीसारखाच होता का?’

तीन वाचनं करूनही काही दोष राहतातच. लिहिणाऱ्याला आपला प्रश्न कळलेलाच असतो, त्यामुळे तो ऐकणाऱ्याला कसा कळेल हे त्याला दिसत नाही. म्हणून छपाईआधी दहा घरी चाचणी घ्यायची आणि उत्तरांपेक्षा खुणांकडे लक्ष द्यायचं. एकाच प्रश्नाला दोन चौकोनांत खूण, समासात लिहिलेली टीप, ‘म्हणजे कसं?’ असा उलट प्रश्न, ‘हो, पण…’ अशी सुरुवात. एखाद्या प्रश्नावर यातलं काही दोन-तीन घरी दिसलं की तो परत लिहायला घ्यायचा. हे आत्ताच करायचं. १२० घरं फिरून झाल्यावर ‘हो’ची फोड करता येत नाही.

चाचणीत आम्ही सहावा प्रश्न दोन तुकड्यांत विचारला. एका घरी आजी म्हणाल्या, ‘पाणी पुरतं रे बाळा, भरपूर पुरतं.’ मुलाने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला: पाणी स्वच्छ असतं का? ‘पहिले दोन हंडे ओतून देतो आम्ही. गाळ येतो. मग चांगलं येतं.’ मुलाने समासात लिहून घेतलं: पहिले दोन हंडे. त्या गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तेच सांगितलं, आणि गल्लीची जलवाहिनी कुठे फुटली आहे ते पाहायला हवं, हे कागदावर आलं. जुन्या प्रश्नाला आजींनी ‘हो’च म्हटलं असतं.