पुसलेली की कुठे जाते?

समजा, एका प्रोग्रामरनं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची सीक्रेट की `config.py` या फाइलमध्ये लिहिली आणि फाइल कमिट करून गिटहबवर पुश केली. चूक लक्षात आल्यावर तिनं ती ओळ काढली, नवं कमिट केलं, तेही पुश केलं. आता फाइल उघडली तर की दिसत नाही. पण रिपॉझिटरी उतरवून घेणाऱ्या कुणालाही ती एका ओळीत मिळते:

```
git show HEAD~1:config.py
```

शेवटून दुसऱ्या कमिटमध्ये ही फाइल कशी होती ते दाखव, एवढंच ही आज्ञा सांगते. मध्ये शेकडो कमिटं झाली असली तरी बिघडत नाही:

```
git log -p --all -S'AKIA'
```

AKIA ही अ‍ॅमेझॉनच्या कायमस्वरूपी की-क्रमांकाची ठरलेली सुरुवात, आणि सीक्रेट बहुधा त्याच्या शेजारच्याच ओळीत असतं.

हे होतं, कारण गिट जुन्या फाइलवर काही लिहीत नाही. ओळ काढली की ते फाइलची नवी आवृत्ती शेजारी ठेवतं. जुनी जागेवरच राहते. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश नोंदलेला असतो. हा हॅश मजकुरावरूनच निघतो, त्यामुळे मधलं एक कमिट बदललं की त्यापुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात.

पुश झालेलं नसेल तर प्रकरण सोपं. दोन्ही कमिटं एकत्र करून एकच स्वच्छ कमिट पुश करायचं. जुनं कमिट आपल्या संगणकावरच्या रिफ्लॉगमध्ये काही काळ उरतं, साधारण तीस दिवस, पण पुशबरोबर ते बाहेर जात नाही.

पुश झालं असेल तर `git filter-repo` हे साधन इतिहास नव्यानं लिहून की सगळीकडून खोडतं. काम ते चोख करतं, पण फक्त तुमच्या प्रतीत. सहकाऱ्यानं जुनी प्रत ठेवून त्यातून मर्ज केलं की की परत येते. फोर्कमध्ये ती राहतेच, आणि गिटहबवर जुन्या कमिटचा हॅश माहीत असलेल्याला ते पान पुढेही उघडू शकतं. ते काढायला त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं.

टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचा काही सोर्स कोड डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत गिटहबवर उघडा होता आणि त्यात डेटा सर्व्हरची की होती. कंपनीनं रिपॉझिटरी बंद केली आणि कीसुद्धा बदलली. तोवर 2,96,019 ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर गेल्याची शक्यता तिला जाहीर करावी लागली.

म्हणून आपल्या प्रोग्रामरनंही इतिहासाला हात लावण्याआधी अ‍ॅमेझॉनच्या खात्यात जाऊन ती की रद्द करायची आणि नवी घ्यायची. मग क्लाउडट्रेलच्या नोंदी उघडून पहिल्या पुशपासून ती की कुठून कुठून वापरली गेली ते तपासायचं. इतिहासाची सफाई त्यानंतर निवांत झाली तरी चालते.