त्रिज्येत तीन काय आहे?

माझा भाचा सेमी-इंग्रजीत दहावीला आहे. गणिताचं पुस्तक इंग्रजीत, घरी बोलणं मराठीत, आणि शिकवणीचे सर दोन्ही भाषांत शिकवतात. मागच्या रविवारी वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘मामा, रेडियसला त्रिज्या का म्हणतात? त्रि म्हणजे तीन ना? यात तीन कुठेत?’’ त्याच्या वहीत चार इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहिले होते आणि समोर मराठी शब्द पाठ करण्यासाठी जागा सोडली होती: कॉर्ड, टँजंट, सीकंट, रेडियस. पाठ कर म्हणण्याऐवजी मी त्याला कंपास उघडायला सांगितलं, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर रेडियसपाशी मिळत नाही. ते कॉर्डपाशी आहे.

कॉर्ड म्हणजे जीवा. जीवा किंवा ज्या हे संस्कृतात धनुष्याच्या दोरीचं नाव. वर्तुळावर दोन बिंदू घेऊन ते सरळ जोडा आणि वरचा वाकलेला तुकडा तेवढा पाहा: धनुष्य आणि त्याची ताणलेली दोरी डोळ्यांसमोर येते. वाकलेल्या तुकड्याला जुने गणिती चाप म्हणजे धनुष्यच म्हणत, आपण आज कंस म्हणतो. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंत जे अंतर उरतं ते शर, म्हणजे बाण. शाळेच्या पुस्तकातून हा शर गेला याची मला हळहळ वाटते, कारण तो असला की आकृती एकदम पुरी होते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत यावरच एक उदाहरण आहे. वर्तुळाचा व्यास १०, त्यातली जीवा ६, तर शर किती? त्यांची रीत अशी: जीवा आणि व्यास यांची बेरीज १६, वजाबाकी ४, त्यांचा गुणाकार ६४, त्याचं वर्गमूळ ८. ते व्यासातून वजा केलं की २ उरतात, त्याचे निम्मे १. भाच्याने ५ सेंटीमीटर कंपास उघडून वर्तुळ काढलं, ६ सेंटीमीटरची जीवा आखली आणि बाण मोजला. बरोबर एक सेंटीमीटर भरला.

आता तीनचा प्रश्न. आकाशातले कोन मोजणाऱ्या ज्योतिर्गणितींना पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी जास्त उपयोगी पडली. धनुष्याचा अर्धा भाग घ्यायचा, त्याच्यासमोरची अर्धी दोरी मोजायची. तिचं नाव अर्धज्या, पण वापरता वापरता तिलाच नुसतं ज्या म्हणू लागले. अर्ध्या धनुष्याचा कोन वाढवत नेला तर ही ज्याही वाढत जाते. ९० अंशांना पूर्ण धनुष्य अर्ध्या वर्तुळाएवढं होतं, दोरी म्हणजे व्यास होतो, आणि अर्धी दोरी थेट केंद्रापासून परिघापर्यंत पोहोचते. वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे बारा राशी, प्रत्येक राशी ३० अंशांची. म्हणून ९० अंश म्हणजे तीन राशी. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या. इ.स. ४९९च्या आर्यभटीयात ज्यांचं जे कोष्टक आहे, त्यात तीन राशींपर्यंत पोहोचलं की ३४३८ हा आकडा येतो, आणि तीच तिथल्या वर्तुळाची त्रिज्या आहे. भाच्याने वहीत रेडियससमोर त्रिज्या लिहिलं आणि बाजूला छोटंसं ‘३ राशी’ असंही टिपून ठेवलं.

उरलेले दोन शब्द समजायला एक पट्टी पुरते. त्याच ५ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पट्टी केंद्रातून जाईल अशी ठेवा आणि तिची दिशा न बदलता हळूहळू बाहेर सरकवा. पट्टीची कड वर्तुळाला दोन ठिकाणी कापते आहे तोवर ती सीकंट, म्हणजे वृत्तछेदिका. छेद म्हणजे कापणं. ही पूर्ण रेषा आहे, दोन्हीकडे न संपणारी. तिचा वर्तुळाच्या आत सापडलेला तुकडा म्हणजे जीवा. मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. जीवेला टोकं असतात आणि लांबी असते, छेदिकेला दोन्ही नसतात. ‘छेदिकेची लांबी काढा’ असं मनात आलं तर समजावं की विचार जीवेचा चालला आहे.

पट्टी केंद्रापासून ३ सेंटीमीटरवर असताना आतली जीवा ८ सेंटीमीटर असते, ४ वर आली की ६. बरोबर ५ वर दोन्ही छेदनबिंदू एकमेकांत मिसळतात आणि रेषा वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते. ती टँजंट, म्हणजे स्पर्शिका. पण ५ च्या जरा अलीकडे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ४.९ वर, म्हणजे स्पर्शिका होण्यास एक मिलिमीटर बाकी असताना, जीवा किती लांब असेल? भाचा म्हणाला, दोन-तीन मिलिमीटर. पायथागोरस लावला: २५ मधून २४.०१ गेले, ०.९९ उरले, त्याचं वर्गमूळ जवळपास १, आणि दुप्पट केली की जीवा जवळपास २ सेंटीमीटर! म्हणूनच नजरेने टेकवून काढलेली स्पर्शिका फसते. पेन्सिलीची रेघ किंचित आत गेली तरी ती छेदिका होते, आणि कागदावर ती वर्तुळाला लांबवर चिकटल्यासारखी दिसते. स्पर्शबिंदू नेमका कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. उपाय म्हणजे उलट्या बाजूने सुरुवात करणं. आधी त्रिज्या काढायची, मग तिच्या परिघावरच्या टोकाशी गुण्या लावून काटकोनात रेषा ओढायची. स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या यांच्यात काटकोन असतोच, आणि दुसऱ्याने काढलेली स्पर्शिका तपासायचीही हीच खूण.

छेदिकेबद्दल एक गोष्ट मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी. समांतर रेषांच्या प्रकरणात त्या रेषांना कापणाऱ्या रेषेलाही मराठीत छेदिकाच म्हणतात, पण इंग्रजीत तिचं नाव ट्रान्सव्हर्सल आहे, सीकंट नव्हे. वर्तुळाची असेल तर मागे ‘वृत्त’ लावतात ते त्यासाठीच.

टँजंटचं उलटं आहे. इंग्रजीत एकच शब्द दोन प्रकरणांत येतो, मराठीत भूमितीत स्पर्शिका आणि त्रिकोणमितीत टॅन. ही नावं त्रिकोणमितीत आणली डेन्मार्कच्या थॉमस फिंके यांनी, १५८३ साली. दोन्हींचं नातं आमच्याच वर्तुळावर दिसलं. केंद्रापासून १३ सेंटीमीटरवर बिंदू घेतला, तिथून स्पर्शिका काढली. बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंत १२ सेंटीमीटर भरले. केंद्राशी झालेल्या कोनाचा टॅन म्हणजे १२ भागिले ५, स्पर्शिकेचा तुकडा भागिले त्रिज्या. सेक म्हणजे १३ भागिले ५, आणि ते १३ ज्या रेषेवर आहेत ती केंद्रातून निघून वर्तुळाला कापत बाहेर जाते. ‘‘म्हणजे सीकंट,’’ भाचा म्हणाला, आणि त्याने ती रेषा मागच्या बाजूलाही वाढवली. आता ती वर्तुळाला दोन ठिकाणी कापत होती.