जर्मनीला अर्ज करताना नर्सने काय लिहावं?

नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी जर्मनीतल्या रुग्णालयाला अर्ज करताना बहुतेकदा ‘मला रुग्णसेवेची आवड आहे’ असं लिहिते. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तिने लिहावं: ‘सर्जिकल वॉर्डात आठ आठवडे होते. वरिष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची नाडी, रक्तदाब आणि ड्रेनमधला स्राव मोजून नोंदवत असे.’ यात वॉर्ड, काळ, काम आणि जबाबदारीची मर्यादा, सगळंच येतं. हे आठवडे कॉलेजच्या नोंदींशी जुळायलाच हवेत. कारण मान्यता देणारं तिथलं कार्यालय आपलं शिक्षण जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि उणीव दिसली, तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा सांगतं.

आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं बरेचदा नातेवाईक करतात; तिथे ते नर्सच्या कामात येतं. ते केलं असेल तर आवर्जून लिहावं.

‘जर्मन चांगलं येतं’ एवढंही पुरत नाही. मान्यतेसाठी साधारणपणे बी२ पातळी लागते. बी१ झाली असेल तर तसंच सांगून बी२च्या परीक्षेची तारीख द्यावी. फुगवून लिहिलेली पातळी मुलाखतीतल्या दोन-तीन प्रश्नांतच उघडी पडते.